काकाजी जर्मनीत, फोटो आपल्या मोबाईलवर: हॉटेलच्या दारावरचा आगीचा नकाशा मराठीत कसा सांगायचा

विदर्भातून आता शेतकऱ्यांचे अभ्यासदौरे युरोपात जातात. गावातला माणूस तिथं उतरतो, खोलीत शिरतो, आणि दाराच्या आतल्या बाजूला लावलेला हिरव्या-लाल रंगाचा कागद त्याला दिसतो. भाषा जर्मन, अक्षरं बारीक, मधे एक नकाशा. तो फोटो काढतो आणि इकडे पाठवतो: "हे काय लिवेल हाय, पाह्य बरं." फोटो पुतण्याकडे येतो, मुलीकडे येतो, तालुक्यात जर्मनचा क्लास केलेल्या कोणाकडे तरी येतो. माझ्याकडेही असे फोटो येतात. हा लेख फोटो ज्याच्याकडे येतो त्याच्यासाठी आहे, आणि उदाहरण मी जर्मनीचंच घेतो, कारण तिथले हे कागद बऱ्यापैकी एका साच्याचे असतात. एकदा साचा समजला की काम सोपं होतं.

सर्वात आधी एक गोष्ट ठरवून घ्या. तुम्हाला कागदाचं भाषांतर करायचं नाही. रात्री दोन वाजता घंटा वाजली, वीज गेली, धूर आला, तर काकाजींनी दाराबाहेर पडून डावीकडे वळायचं की उजवीकडे, एवढं त्यांच्या डोक्यात पक्कं बसवायचं आहे. कागदावरचा प्रत्येक शब्द मराठीत आला आणि दिशा मात्र चुकली, तर ते भाषांतर नसतं तर बरं झालं असतं.

फोटो नीट मागवा

पहिला फोटो बहुतेक वेळा कामाचा नसतो. कागदावर प्लॅस्टिकची पाटी असते, तिच्यावर फ्लॅश चमकतो आणि नेमका नकाशाचा मधला भाग पांढरा होतो. त्यांना फ्लॅश बंद करून, खोलीतला दिवा लावून, पाटीच्या किंचित बाजूला उभं राहून फोटो काढायला सांगा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक अक्षरं फुटतात. म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, किंवा पाठवण्याआधी एचडी निवडायला सांगा.

मला चार फोटो लागतात. पूर्ण कागद, ज्यात वरची कडा वरच असेल. नकाशाचा जवळून एक. मजकुराचा जवळून एक. आणि दार उघडून, उंबऱ्यात उभं राहून, बाहेरच्या बोळीचा दोन्ही दिशांनी छोटा व्हिडिओ. हा चौथा बहुतेक लोक मागत नाहीत, पण दिशेची खातरजमा त्याच्यावरच होते.

हे फोटो गावाच्या किंवा दौऱ्याच्या ग्रुपवर टाकू देऊ नका. हॉटेलचं नाव आणि खोली नंबर एकाच फोटोत असतो. तो थेट तुमच्याकडेच यावा.

रंग आधी वाचा, अक्षरं नंतर

या नकाशाला जर्मनीत 'फ्लुख्ट उंट रेटुंग्सप्लान' म्हणतात, म्हणजे बाहेर पडण्याचा आणि सुटकेचा नकाशा. त्याचे रंग आणि चिन्हं आंतरराष्ट्रीय मानकांना धरून असतात. नकाशासाठी आयएसओ २३६०१ आणि चिन्हांसाठी आयएसओ ७०१० ही मानकं आहेत. म्हणून भाषा येत नसली तरी अर्धा नकाशा वाचता येतो.

निळा ठिपका म्हणजे तुम्ही इथे आहात. फिकट हिरवा पट्टा म्हणजे बाहेर जायची वाट, त्यावर बाण. हिरव्या चौकोनात पळणारा पांढरा माणूस म्हणजे बाहेर पडायचं दार किंवा जिना. हिरव्या चौकोनात चार कोपऱ्यांतून आत येणारे बाण आणि मधे माणसांचा घोळका, ही बाहेर पडल्यावर जमायची जागा. लाल चौकोन सगळे आग विझवण्याच्या आणि आगीची खबर देण्याच्या साधनांचे: सिलिंडर, पाण्याची नळी, भिंतीवरचं बटन.

जमायच्या जागेला जर्मनमध्ये 'झामेलश्टेले' म्हणतात. शब्दाला शब्द ठेवला तर त्याचं 'संकलन केंद्र' होतं, आणि आपल्याकडच्या माणसाला त्यातून दूध किंवा कापूसच आठवणार. 'बाहेर सगळ्यांनी जमायची जागा' असंच सांगा, आणि ती कुठं आहे तेही सांगा: मागचं पार्किंग, समोरचा बगीचा, जे नकाशात असेल ते.

डावं-उजवं: इथंच सगळ्यात जास्त चुका होतात

मानकाप्रमाणे नकाशा पाहणाऱ्याच्या दिशेनं लावलेला असावा. म्हणजे दाराच्या आतल्या बाजूला तोंड करून उभं राहिलं की कागदावर जे वर आहे ते माणसाच्या समोर, म्हणजे दाराबाहेर असतं. तसं असेल तर खोली कागदावर बोळीच्या खाली दिसेल. मग कागदावरचं उजवं तेच माणसाचं उजवं.

पण प्रत्येक ठिकाणी तसं नसतं. बोळीच्या दोन्ही बाजूंच्या खोल्यांत एकच कागद छापून लावलेला असतो, फक्त निळा ठिपका बदललेला. अशा वेळी एका बाजूच्या खोल्यांना नकाशा बरोबर पडतो आणि समोरच्या खोल्यांना उलटा. ओळखायची खूण एकच: निळा ठिपका असलेली खोली कागदावर बोळीच्या वर आहे का? असेल, तर कागद उलटा आहे. बाण उजवीकडे दाखवत असेल तर माणसानं दाराबाहेर पडून डावीकडे वळायचं आहे.

वरुड तालुक्यातल्या एका संत्रा बागाईतदार काकाजींचं उदाहरण घेऊ. खोली ३१४, तिसरा मजला. फोटोत ३१४ बोळीच्या वर होती, म्हणजे कागद उलटा. हिरवा बाण उजवीकडे जात होता. कागदावर ३१४ च्या उजव्या हाताला ३१६ आणि डाव्या हाताला ३१२ होती. अंदाजावर राहायचं नाही, म्हणून काकाजींना विचारायचं: "दार उघडा, उंबऱ्यात उभे राहा, तोंड बोळीकडे. तुमच्या डाव्या हाताला पहिल्या दारावर कोणता नंबर आहे?" उत्तर आलं, "तीनशे सोळा." कागदावर जी खोली उजवीकडे होती ती प्रत्यक्षात डावीकडे निघाली. कागद उलटा असल्याचं पक्कं झालं आणि जिना डावीकडे ठरला.

हा एक प्रश्न कधीही गाळू नका. नकाशा सरळ वाटला तरी विचारा. आणखी एक तपासा: ठिपका खरंच त्यांच्या खोलीवर आहे ना? दुसऱ्या खोलीचा कागद लागलेला असेल तर तुमचं सगळं मोजमाप चुकेल.

लिफ्टजवळच्या भिंतीवर लावलेल्या नकाशाचा फोटो आला तर त्यावरून खोलीची दिशा सांगायला जाऊ नका. तो तिथं उभ्या माणसासाठी असतो. खोलीच्या दारावरचाच फोटो मागा.

नकाशातून वाट तयार करा

आता बाणांची बोलण्यातली वाट करायची. मीटर सांगू नका, दारं मोजा. धुरात डोळ्यांनी दिसत नाही. हात भिंतीला लावून जाताना दारच हाताला लागतं. दारं मोजताना माणूस ज्या भिंतीला हात लावणार आहे त्याच बाजूची मोजा, समोरची नको.

काकाजींची वाट अशी झाली: बाहेर पडून डावीकडे, डावा हात भिंतीला, ३१६, ३१८, ३२० अशी तीन दारं, त्यापुढचं चौथं दार जिन्याचं. दुसरी वाट उजवीकडे: ३१२, ३१०, ३०८, ३०६ अशी चार दारं, मग बोळ संपते तिथं दुसरा जिना. लिफ्ट त्याच बाजूला वाटेत लागते. तिच्यापाशी थांबायचं नाही. दोन्ही वाटा सांगा. पहिल्या जिन्यात धूर असेल तर माणसाला दुसरी वाट शोधत बसायला वेळ नसतो.

मजल्यांचं गणित जर्मनीत आपल्यासारखंच असतं. 'एर्डगेशॉस' म्हणजे तळमजला, कागदावर त्याची आद्याक्षरं ई आणि जी. 'ओबरगेशॉस' म्हणजे वरचा मजला. तिसरा ओबरगेशॉस म्हणजे आपला तिसरा मजला. तळघराला 'उंटरगेशॉस' म्हणतात. जिना तळघरापर्यंत जात असेल तर घाईत माणूस एक मजला जास्त उतरतो आणि बंद जागेत पोहोचतो. "तीन मजले उतरा, तिथंच बाहेरचं दार आहे, त्याच्या खाली जाऊ नका" असं स्पष्ट लिहा. (जपानला गेलेल्या माणसासाठी हे गणित बदलतं, तिथं तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात.)

मजकूर: कोणत्या ओळी, कोणत्या शब्दांत

नकाशाच्या बाजूला दोन चौकटी असतात. लाल मथळ्याची आग लागल्यावर काय करायचं याची, हिरव्या मथळ्याची अपघात झाल्यावर काय करायचं याची. आधी लाल घ्या. तिचा क्रम साधारण असा असतो: शांत राहा; आगीची खबर द्या; सुरक्षित ठिकाणी जा; आग विझवण्याचा प्रयत्न करा. सुरक्षित ठिकाणी जाण्याखाली पुढच्या ओळी येतात: धोक्यात असलेल्यांना सावध करा, ज्यांना स्वतःला चालता येत नाही त्यांना सोबत घ्या, दारं बंद करा, खुणा केलेल्या वाटेनं जा, लिफ्ट वापरू नका, सूचनांकडे लक्ष द्या.

या ओळींत तीन ठिकाणी जपायला हवं.

'ट्युरेन श्लीसेन', दारं बंद करा. आपल्याकडं घर बंद करा म्हटलं की माणूस कुलूप लावतो. इथं अर्थ फक्त दार ओढून घ्या एवढाच आहे, म्हणजे धूर आणि आग पसरायला वेळ लागतो. "दार ओढून घ्या, किल्ली फिरवू नका, खोलीचं कार्ड खिशात ठेवा" असं लिहा. कार्ड लागतं, कारण वाट बंद असेल तर खोलीत परत यावं लागू शकतं.

'आउफत्सूग निष्त बेनुत्सेन', लिफ्ट वापरू नका. इथं 'निष्त' हा नकार मधे येतो आणि धूसर फोटोत तोच वाचायचा राहतो. नकार असलेली प्रत्येक ओळ दोनदा वाचा आणि मराठीत नकार शेवटी ठळक येऊ द्या.

आणि शेवटची ओळ, आग विझवण्याचा प्रयत्न. ती 'प्रयत्न' आहे, आज्ञा नाही, आणि ती सगळ्यात शेवटी आहे. भाषांतरात "आग विझवा" असं झालं तर शेतात पाचट पेटलं तर धावून जाणारा आपला माणूस सिलिंडर हातात घेऊन पुढं जाईल. लिहा: "कचरापेटीएवढी लहान आग असेल आणि तुमच्या पाठीमागं बाहेर जायची वाट मोकळी असेल तरच. नाहीतर निघा."

खबर देण्याच्या ओळीत भिंतीवरचं बटन आणि ११२ हा नंबर असतो. बटनाची डबी लाल असेल आणि तिच्यावर 'फॉयरमेल्डर' असेल तर ती अग्निशमन दलाशी जोडलेली असते. निळी असेल, 'हाउसअलार्म' लिहिलेली, तर तिनं इमारतीत घंटा वाजते, पण अग्निशमन दलाला कळेलच असं नाही. मग ११२ लावावाच लागतो. मोबाईलवरून ११२ थेट लागतो. खोलीतल्या फोनवरून बाहेरचा नंबर लावताना आधी शून्य लागू शकतो. टेलिफोनच्या कागदावर ते वाचून सांगा. काकाजींना जर्मन येत नाही, म्हणून दोनच गोष्टी पाठ करायला सांगा: 'फॉयर', म्हणजे आग, आणि हॉटेलचं नाव. मग फोन ठेवायचा नाही, समोरच्यानं सांगेपर्यंत थांबायचं.

काही हॉटेलांत आणखी एक ओळ असते: बोळीत धूर असेल तर खोलीतच राहा. ही ओळ कागदावर नसली तरी मी मराठीत घालतो. दार उघडण्याआधी हाताची पालथी बाजू दाराला लावायची. गरम लागलं किंवा फटीतून धूर येत असला तर उघडायचं नाही. ओला टॉवेल दाराच्या खालच्या फटीत घालायचा, ११२ लावायचा, खिडकीशी उभं राहून हात हलवायचा.

फोनमधलं भाषांतराचं ॲप घाईत मदत करतं, पण ते फक्त अक्षरं पाहतं. कागद उलटा आहे हे त्याला कळत नाही. मजकुराची पहिली ओळख करून घ्यायला वापरा, दिशेसाठी नको.

पाठवायचा निरोप

शेवटी एका स्क्रीनवर मावेल एवढंच लिहा. काकाजींना गेलेला निरोप असा होता:

"काकाजी, आगीची घंटा वाजली तर: दाराला हाताची पालथी बाजू लावा. गरम नसेल तर कार्ड आणि मोबाईल घेऊन बाहेर. दार ओढून घ्या, लॉक करू नका. डावीकडे वळा, डावा हात भिंतीला, तीन दारं सोडा, चौथं दार जिन्याचं. तिथं धूर असेल तर उलटं फिरा, चार दारं सोडून बोळीच्या टोकाला दुसरा जिना. लिफ्टमध्ये चढू नका. तीन मजले उतरा, त्याच्या खाली नको. बाहेर मागच्या पार्किंगमध्ये हिरव्या पाटीखाली थांबा. दार गरम असेल तर बाहेर पडू नका: ओला टॉवेल फटीत, ११२ लावा, खिडकीशी उभे राहा."

उलट्या वाटेत एक बारीक गोष्ट आहे. जिन्याकडून परत फिरताना त्यांची स्वतःची खोलीही त्याच भिंतीला येते, म्हणजे ३२०, ३१८, ३१६, ३१४ आणि मग ती चार दारं. "चार दारं" ही त्यांच्या खोलीपासून मोजली आहेत, हे व्हॉइस नोटमध्ये वेगळं सांगा. निरोप लिहून झाला की तोच त्यांच्या बोलीत बोलूनही पाठवा. चष्मा सापडला नाही तरी आवाज ऐकू येतो.

चालून पाहिल्याशिवाय काम झालं नाही

निरोप वाचला म्हणजे समजला असं नाही. त्यांना त्याच संध्याकाळी चालायला लावा, फोन चालू ठेवून. तुम्ही सांगू नका; त्यांनी तुम्हाला सांगायचं: "आता डावीकडे वळलो, हे एक, हे दोन, हे तीन, हे दार आलं." तिथं पळत्या माणसाची हिरवी पाटी दिसते का, विचारा. दिसत नसेल तर कुठंतरी चुकलंय. खोलीपासून पुन्हा सुरू करा.

चालायला निघण्याआधी दोन गोष्टी सांगा. जिन्याचं दार मागून आपोआप बंद होऊन जिन्याच्या बाजूनं न उघडणारं असू शकतं, म्हणून कार्ड सोबत असावं आणि वेळ पडली तर खाली उतरून रिसेप्शनवरून परत यायची तयारी असावी. आणि बाहेरच्या दाराच्या मुठीखाली हिरवी डबी असेल किंवा 'अलार्म' शब्द दिसत असेल, तर मूठ दाबायची नाही. दाबली की घंटा वाजते. दार कुठं आहे एवढं पाहून परत फिरायचं.

फोटोवरून तुम्हाला दिसत नाहीत अशा गोष्टी या चालण्यात समजतात: जिन्यासमोर ठेवलेली सफाईची गाडी, दुरुस्तीसाठी बंद केलेलं दार. असं काही निघालं किंवा चिन्ह कळलं नाही तर रिसेप्शनवर मोबाईलची स्क्रीन दाखवायला सांगा. मी ही ओळ पाठवून ठेवतो. तिचा अर्थ, "कृपया मला आगीच्या वेळी उतरायचा जिना दाखवा":

```
Bitte zeigen Sie mir die Fluchttreppe.
```

खोलीतल्या बाकीच्या सूचना

आगीचं काम झालं की टेबलावरची पुस्तिका आणि भिंतीवरचे छोटे कागद. त्यातलं बहुतेक थांबू शकतं. पण काही ओळी त्याच रात्री लागतात.

खिडकी पहिली, कारण तिचा वरच्या गोष्टीशी संबंध आहे. जर्मन खिडकीची मूठ खाली असली की खिडकी बंद, आडवी केली की दारासारखी उघडते, वर केली की फक्त वरून थोडी कलते. मूठ फिरवण्याआधी खिडकी पूर्ण लोटून घ्यायची, नाहीतर ती अडकते. कललेल्या खिडकीतून हात हलवून खालच्या माणसाला दिसणार नाही, म्हणून आडव्या मुठीची सवय त्यांना त्याच दिवशी करून घ्यायला सांगा.

'हाइत्सुंग' म्हणजे गरमीचं यंत्र, खिडकीखाली पांढऱ्या नळ्यांचं. त्याच्या गोल मुठीवर एक ते पाच आकडे असतात. तीनवर खोली साधारण २० अंशांवर राहते. पाचवर लावल्यानं खोली लवकर गरम होत नाही, फक्त जास्त गरम होते. आपल्याकडचा माणूस थंडीत पाच लावतो आणि मध्यरात्री घामाघूम होतो.

छतावरच्या गोल पांढऱ्या डबीवर काही झाकू नका अशी ओळ असते. ती धूर ओळखते. सकाळी पूजेची सवय असलेल्यांना हे वेगळं सांगावं लागतं: खोलीत उदबत्ती, कापूर, धूप नको. डबी धूर ओळखून अख्ख्या हॉटेलात घंटा वाजवू शकते, आणि विनाकारण बोलावल्याचा खर्च पाहुण्याकडून मागितला जाऊ शकतो.

रात्रीची शांतता सहसा दहा वाजेपासून असते. जर्मनी उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. तिथं रात्री दहाला घरच्यांशी स्पीकरवर बोलत बसलं तर शेजारची खोली तक्रार करते, म्हणून घरून फोन करायची वेळही निरोपात लिहून टाका.

दौरा पुढच्या गावाला निघाला की जुना निरोप काकाजींच्या मोबाईलमधून काढायला लावा. रंग आणि लाल चौकटीतल्या ओळी पुढच्या हॉटेलातही जवळपास त्याच असतील, पण डावीकडे तीन दारं ही फक्त ३१४ ची होती. नव्या खोलीत बॅग ठेवली की आधी दाराचा फोटो, मग उंबऱ्यात उभं राहून डाव्या हाताचा नंबर.